बाबांच्या नावातला एच

बाबा 2024 च्या श्रावणात गेले. दाखला आठवड्याभरात मिळाला. पाच प्रती घेतल्या आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आईच्या कपाटात ठेवून दिल्या. त्या दिवसांत त्यावरचे नाव आमच्यापैकी कोणी वाचले नाही. वाचले असेल तर डोळ्यांनी तिथे जे असायला हवे तेच वाचले.

चूक सापडली ती पुढच्या जानेवारीत, आणि आम्हांला नाही, उपनिबंधक कार्यालयातल्या क्लार्कला. आमचे घर फोंडा तालुक्यात आहे. घर, घरामागचे लहानसे कुळागर आणि रस्त्यापलीकडचा भाताचा एक तुकडा, एवढीच मालमत्ता. आमच्या गोव्यात वारसा लावायची रीत महाराष्ट्रापेक्षा वेगळी आहे. लग्न झाले की बहुतेक जोडप्यांची मालमत्ता सामाईक धरली जाते, म्हणून नवरा गेला तरी अर्धा हिस्सा बायकोचा स्वतःचाच असतो. उरलेला अर्धा मुलांमध्ये जातो, मुलगा-मुलगी सारखेच. हे सगळे लिहून ठेवायला वारसाहक्काचा दस्त करावा लागतो, पूर्वी ज्याला हाबिलितासांव म्हणत तोच. 2012 च्या गोवा वारसाहक्क कायद्याखाली तो आता विशेष नोटरीपुढे होतो, म्हणजे व्यवहारात उपनिबंधकांपुढे. त्यासाठी मृत्यूचा दाखला, आईबाबांच्या लग्नाची नोंद आणि आम्हां भावंडांचे जन्मदाखले लागतात.

क्लार्कबाईंनी मृत्यूचा दाखला आणि लग्नाची नोंद शेजारीशेजारी ठेवली आणि पेनाचे टोक आधी एका नावावर, मग दुसऱ्यावर टेकवले. "बाय, हे दोन मनीस जाले," त्या म्हणाल्या.

बाबांचे नाव शांताराम, आडनाव गावकर. मराठीत लिहिले तर वादाला जागाच नाही. इंग्रजीत मात्र बाबा आयुष्यभर एसनंतर एच घालून शांताराम लिहीत आणि आडनाव जी, ए, ओ, एन असे सुरू करत. लग्नाची नोंद, मतदार ओळखपत्र, आधार, बँक पासबुक, सगळीकडे तसेच आहे. दाखल्यावर एच नव्हता, म्हणजे नाव सांताराम झाले होते. आडनावात ओ आणि एन जाऊन तिथे व्ही आला होता. एकूण तीन अक्षरांचा फरक. पण दस्तात आई ज्या माणसाची विधवा म्हणून अर्धा हिस्सा सांगणार तो माणूस आणि दाखल्यावरचा मेलेला माणूस कागदावर एक नव्हते. क्लार्कबाईंनी अडवले ते बरेच केले. दस्तात ते चुकीचे नाव उतरले असते तर पुढे दुरुस्तीचा दस्त वेगळा करावा लागला असता, आणि मामलेदाराकडे फेरफाराला तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला असता.

कोर्टाच्या आवारातल्या टंकलेखकाने सल्ला दिला की नावबदलाचा अर्ज करा, वर्तमानपत्रात जाहिरात द्या. हा सल्ला गोव्यात सर्रास दिला जातो, म्हणून सांगते. गोव्यात नाव आणि आडनाव बदलण्याचा 1990 चा कायदा आहे, पण तो स्वतःचे नाव बदलू पाहणाऱ्या माणसासाठी आहे. गेलेल्या माणसाचे नाव कोणी बदलत नसते. बाबांचे नाव बदललेच नव्हते, ते चुकीचे लिहिले गेले होते. चुकीच्या नोंदीची वाट वेगळी आहे. जन्म-मृत्यू नोंदणीच्या 1969 च्या कायद्याचे कलम 15 त्यासाठीच आहे, आणि अधिकार आहे तो ज्या निबंधकाने मृत्यू नोंदवला त्याचा.

इथे मी पहिली फेरी फुकट घालवली. मी आमच्या गावच्या पंचायतीत गेले. खेड्यांत पंचायतीचे सेक्रेटरीच जन्म-मृत्यूचे निबंधक असतात आणि आमचे सेक्रेटरी बाबांना ओळखत. त्यांनी दाखला हातात घेतला, नोंदणी क्रमांक आणि वरचे कार्यालयाचे नाव दाखवले. मृत्यू जिथे घडतो तिथे नोंदवला जातो, माणूस कुठे राहत होता त्याचा संबंध नाही. बाबा इस्पितळात गेले, आणि ते इस्पितळ दुसऱ्या तालुक्यातल्या पंचायतीच्या हद्दीत आहे. नोंद तिथे, दुरुस्तीही तिथेच.

जाण्याआधी त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती मला सगळ्यात उपयोगी पडली. "अर्ज करायच्या आधी फॉर्म दोन बघायला मागा. चूक कुठल्या पायरीवर झालीय ते कळल्याशिवाय काही लिहून देऊ नका."

फॉर्म दोन म्हणजे मृत्यूची खबर देण्याचा फॉर्म. माणूस घरी गेला तर तो घरचे भरतात, इस्पितळात गेला तर इस्पितळ भरून पाठवते. त्याचे दोन भाग असतात. एक कायदेशीर, ज्यात नाव, तारीख, ठिकाण, आईवडिलांचे नाव, पत्ता हे असते. दुसरा आकडेवारीसाठीचा. कायदेशीर भाग निबंधकाकडे राहतो आणि ते फॉर्म एकत्र बांधूनच मृत्यूचे रजिस्टर तयार होते. दाखला म्हणजे त्या पानाचा उतारा. तेव्हा चूक दोन ठिकाणी असू शकते. फॉर्मवर नाव बरोबर आहे आणि दाखला टाइप करताना अक्षर पडले, तर काम सोपे आहे. निबंधक आपल्याच कागदाशी ताडून बघतो, ती निव्वळ लिहिण्यातली चूक ठरते आणि बाहेरचा पुरावा फारसा लागत नाही. पण फॉर्मवरच नाव चुकीचे आले असेल तर निबंधकाने आपले काम चोखच केलेले असते. मग त्याला पटवून द्यावे लागते की त्याच्याकडे आलेली माहितीच चुकीची होती. या दोन्हींत आठवड्यांचा फरक पडतो.

त्या पंचायतीतल्या सेक्रेटरी तरुण होत्या, माझ्या भाचीच्या वयाच्या. त्यांनी कपाटातून दोरीने बांधलेला गठ्ठा काढला, ऑगस्टची पाने चाळली आणि बाबांचे पान माझ्यापुढे उलटे धरले, म्हणजे मला सुलटे वाचता येईल. निळ्या शाईतले मोठे, सुटे, शाळकरी अक्षर होते. सांताराम गावकर, एचशिवाय, व्हीसकट. खाली इस्पितळाचा शिक्का. "फॉर्मार जें आशिल्लें तें आमी घातलें," त्या म्हणाल्या. खरेच होते. मी आजीचे नाव, आजोबांचे नाव, वय, कायमचा पत्ता, सगळे रकाने तिथेच उभे राहून वाचून घेतले. एकदा अर्ज केल्यावर आणखी एक चूक निघाली तर पुन्हा पहिल्यापासून. सुदैवाने बाकी सगळे बरोबर होते.

मग इस्पितळ. रेकॉर्ड विभागात केसपेपर निघाला तेव्हा सगळा उलगडा झाला. बाबांना रात्री दोन वाजता नेले होते. मी आईपाशी होते, दादा पुण्यात. खिडकीवर चुलतभावाने नाव तोंडी सांगितले आणि तिथल्या माणसाने कानाला आले तसे लिहिले. आमच्याकडे बोलताना श आणि स यांच्यातले अंतर फार नसते, आणि गावकर म्हटल्यावर कोणीही व्हीच लिहील. दुसऱ्या दिवशी सरकारी आरोग्य योजनेच्या कार्डासाठी आम्ही आधारची प्रत दिली. ती त्याच फायलीत तिसऱ्या पानाला टाचलेली होती, बरोबर नावाची. पण मृत्यूचा फॉर्म भरणाऱ्याने पहिले पान बघून नाव उतरवले.

ते टाचलेले पान आमचा सगळ्यात मोठा आधार ठरले. इस्पितळाला आमच्या शब्दावर विसंबावे लागले नाही, बरोबर नाव त्यांच्याच फायलीत बाबा जिवंत असताना आलेले होते. मी वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे अर्ज केला. पत्र मिळायला तीन आठवडे लागले, पण जे मिळाले ते नेमके होते. त्यात दाखल क्रमांक होता, मृत्यूची तारीख आणि वेळ होती, इस्पितळाने पाठवलेल्या फॉर्मवर नाव काय गेले आणि खरे नाव काय हे दोन्ही अक्षराअक्षराने होते, आणि आधाराला कुठला कागद घेतला तेही. मृत्यूच्या कारणाच्या डॉक्टरी प्रमाणपत्रावरही तेच चुकीचे नाव गेले होते, म्हणून त्याचाही उल्लेख मी घालून घेतला. पत्र 'संबंधितांस' असे न काढता निबंधकांच्याच नावे काढून घेतले.

यानंतरच्या दोन चुका माझ्या.

नियमांप्रमाणे अशा चुकीच्या दुरुस्तीला, वस्तुस्थिती माहीत असलेल्या दोन विश्वासू माणसांची प्रतिज्ञापत्रे लागतात. बाबांबरोबर शाळेत शिकवलेले एक निवृत्त गुरुजी आणि समोरच्या घरातल्या काकी तयार झाल्या. टंकलेखकाकडे छापील मजकूर तयारच होता: अमुक आणि तमुक ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत. दोघांनी सह्या केल्या, नोटरी झाली, मी ते घेऊन गेले. सेक्रेटरीबाईंनी वाचून परत केले. त्या रागावल्या नाहीत, शांतपणे समजावून सांगितले. दोन्ही नावे एकाच माणसाची आहेत असे म्हटले की दोन्ही नावे खरी ठरतात. मग नोंदीत चूक कुठली? आणि चूक नसेल तर दुरुस्ती कशाची? मी त्या खुर्चीत बसून ते वाक्य पुन्हा वाचले तेव्हा पटले. त्या मजकुराने मी माझीच बाजू कापत होते.

नवीन प्रतिज्ञापत्रांत तीन गोष्टी साध्या शब्दांत लिहिल्या. मी गेलेल्या माणसाला कसा आणि किती वर्षांपासून ओळखतो. नोंदीत काय लिहिले गेले आहे आणि ते चुकीचे आहे. खरे काय आहे आणि ते मला कशावरून माहीत आहे. गुरुजींनी लिहिले की शाळेच्या हजेरीपटावर ते बाबांची सही वीस वर्षे बघत आले. काकींनी लिहिले की रेशन दुकानात त्यांचा आणि बाबांचा नंबर मागेपुढे असे आणि कार्डावरचे नाव त्यांनी पाहिलेले आहे. काकींची सही कापरी आहे, पण प्रतिज्ञापत्र वाचून दाखवल्यावर त्यांनी दोन ठिकाणी मजकूर सुधारायला लावला.

दुसरी चूक मोठी होती, आणि ती गोव्यातल्या पुष्कळ घरांत होईल अशी आहे. आमच्या जमिनीच्या फॉर्म एक आणि चौदावर, म्हणजे जमीन कोणाच्या नावावर आहे ते दाखवणाऱ्या उताऱ्यावर, बाबांचे नाव तिसऱ्याच रूपात आहे. नाव एक्सने सुरू होते आणि शेवटी एक जास्तीचा ए. आडनावात के नाही, सी आहे. शंतारामा गाउंकार, असे काहीसे वाचता येईल. बाबांचा जन्म 1943 चा. जन्माची नोंद पोर्तुगीजांच्या काळातली, आणि पोर्तुगीजमध्ये श लिहायला एक्स वापरतात, क लिहायला सी. आजोबा गेल्यावर 1958 मध्ये जी इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची यादी करून कोर्टात वाटणी, झाली तिच्यात बाबा पंधरा वर्षांचे होते, आणि वाटणीत तेच नाव चढले. पुढे जमिनीच्या सर्व्हेत तेच उतरले. मला वाटले, एवी तेवी दुरुस्ती करतोय, तर दाखल्यावर 'ऊर्फ' म्हणून हेही नाव घालून घेऊ, म्हणजे जमिनीचाही प्रश्न मिटेल. अर्जात तशी तिसरी मागणी लिहिली.

ती मागणी मान्य झाली नाही, आणि व्हायलाही नको होती. कलम 15 चूक दुरुस्त करते, नोंदीत नवीन माहिती भरत नाही. इस्पितळाने 'ऊर्फ' पाठवले नव्हते, त्यांच्या पत्रात ते नव्हते, साक्षीदारांनाही ते नाव ठाऊक नव्हते. त्या एका ओळीमुळे उरलेल्या दोन सरळ मागण्याही अडल्या. सेक्रेटरीबाई म्हणाल्या, अर्ज मागे घ्या, दोनच दुरुस्त्या मागा. त्यांनी लेखी नकार दिला असता तर 2023 च्या दुरुस्तीनंतर कायद्यात आलेल्या तरतुदीप्रमाणे तीस दिवसांत जिल्हा निबंधकाकडे अपील करता आले असते. पण अपील करून मी काय मागणार होते? मुद्दा त्यांचाच बरोबर होता.

मग फोंड्यातल्या वकीलबाईंनी मला ही गाठ सोडवून दाखवली. त्यांनी कागदाच्या एका बाजूला दाखल्यावरचे नाव लिहिले आणि दुसऱ्या बाजूला फॉर्म एक आणि चौदावरचे. पहिले नाव चूक आहे, ते नाव बाबांनी कधीच वापरले नाही, ते निबंधकाकडे दुरुस्त करायचे. दुसरे चूक नाही. ते बाबांचे खरेच नाव आहे, वेगळ्या भाषेच्या लिपीवळणात लिहिलेले. ते दुरुस्त करायचे नसते, जोडायचे असते, आणि जोडायची जागा वारसाहक्काचा दस्त. आणि जोडताना स्पेलिंगचे साम्य दाखवण्याच्या नादी लागायचे नाही. आईचे नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख, जन्मगाव, या चार गोष्टी दोन्हीकडे जुळल्या की माणूस एक ठरतो. आम्ही बाबांच्या जन्मनोंदीची पूर्ण नक्कल काढली, पोर्तुगीजमधून भाषांतर करून घेतले. तिच्यात आजीआजोबांची नावे होती आणि 1958 च्या इन्व्हेंटरीत आजोबांच्या मुलांच्या यादीत बाबा त्याच नावाने, त्याच वयाचे. लग्नाच्या नोंदीतही आजीआजोबांची नावे. साखळी पुरी झाली.

दुरुस्तीसाठी कुठले स्पेलिंग धरायचे हेही त्याच बैठकीत ठरले. माझा कल जमिनीच्या कागदाकडे होता, कारण अडचण शेवटी जमिनीची. वकीलबाई म्हणाल्या, ज्या स्पेलिंगच्या मागे इस्पितळाची फाईल, आधार आणि लग्नाची नोंद उभी आहे तेच मागा. आईचा अर्धा हिस्सा लग्नाच्या नोंदीतून येतो, त्यामुळे मृत्यूचा दाखला तिच्याशी जुळलाच पाहिजे.

एप्रिलच्या शेवटी नवा अर्ज दिला. सोबत इस्पितळाचे पत्र, दोन प्रतिज्ञापत्रे, माझे शपथपत्र, आधार, मतदार ओळखपत्र आणि लग्नाची नोंद. जुन्या दाखल्याची झेरॉक्सही लावली. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात फोन आला.

पुन्हा तोच गठ्ठा, तीच दोरी. मी मनाशी धरून गेले होते की जुने नाव खोडून वर नवे लिहितील. तसे करतच नाहीत. मूळ नोंदीला हात लावायचा नाही असे कायद्यातच आहे. सेक्रेटरीबाईंनी पानाच्या समासात लिहिले की नाव अमुकऐवजी अमुक असे वाचावे, खाली सही केली, तारीख घातली. इस्पितळात त्या रात्री कानाने लिहिलेले नाव पानावर तसेच राहिले, आणि त्याच्या शेजारी बाबांचे. समासातली शाई वाळायच्या आत त्यांनी मला अक्षरे एकेक करून मोठ्याने वाचायला सांगितली. मी वाचली. एच म्हणताना माझा आवाज बसला, आणि त्या पानाकडेच बघत राहिल्या, माझ्याकडे बघितले नाही. याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

नव्या दाखल्याच्या सहा प्रती घेतल्या. जुन्या पाचांपैकी दोन बँकेत, एक विमा कार्यालयात आणि एक वीज खात्यात गेलेली होती. त्या सगळ्या ठिकाणी लेखी अर्ज देऊन नवी प्रत लावली, नाहीतर एकाच मृत्यूचे दोन दाखले फिरत राहिले असते. उरलेल्या जुन्या प्रतीवर मी आडवी रेघ मारून 'वापरू नये' असे लिहिले आणि अर्जांच्या फायलीत ठेवली.

जूनमध्ये दस्त झाला. दादा पुण्याहून आला होता. उपनिबंधकांनी मजकूर वाचून दाखवला, त्यात बाबांचे नाव दाखल्याप्रमाणे आणि पुढे 'ऊर्फ' म्हणून जमिनीच्या कागदावरचे. आईला इंग्रजी येत नाही. तिने मला कोपराने ढोसून विचारले, "काय म्हणाले?" मी सांगितले की दोन्ही नावे घातली. ती म्हणाली, "सासूबाई त्यांना शंताराम म्हणूनच हाक मारायच्या. शांताराम मी म्हणायचे." मग तिने चष्मा लावला आणि मी बोट ठेवले तिथे सही केली.

दस्ताचा उतारा वर्तमानपत्रात आला आहे. फेरफाराचा अर्ज मामलेदारांकडे गेला आहे, सोबत दस्ताची नक्कल, नवा दाखला आणि जन्मनोंदीचे भाषांतर लावले आहे.